मधलं ठिकाण आधी

नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणाहून दुसऱ्या प्रत्येक ठिकाणाचं सर्वांत कमी अंतर एकदमच काढायचं असेल, तर फ्लॉइड-वॉर्शल पद्धत हाताशी असते. रॉबर्ट फ्लॉइड आणि स्टीफन वॉर्शल या दोघांचे लेख १९६२ सालचे. फ्रान्समध्ये बर्नार्ड रॉय यांनी हीच कल्पना १९५९ साली मांडली होती. सगळी पद्धत एवढ्याशा जागेत मावते:

```
for k in range(1, n+1):
    for i in range(1, n+1):
        for j in range(1, n+1):
            d[i][j] = min(d[i][j], d[i][k] + d[k][j])
```

सुरुवातीला `d` या तक्त्यात थेट रस्त्यांची अंतरं असतात, रस्ता नसेल तिथे अनंत, आणि स्वतःपासून स्वतःपर्यंत शून्य. तीन लूप एकात एक असल्यामुळे ५०० ठिकाणांना साडेबारा कोटी वेळा ती एक ओळ चालते. मी अल्गोरिदम शिकवतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये सर्वांत आधी बघतो ते हेच, की `k` सर्वांत बाहेर आहे का. कारण बहुतेकांच्या हातून सहज `i`, `j`, `k` असा वर्णक्रम उतरतो. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि पुष्कळदा उत्तरही बरोबर येतं.

चूक कुठे होते ते चार ठिकाणांवर पाहू. एकेरी रस्ते असे: १ वरून ३ ला २ किलोमीटर, ३ वरून ४ ला ३, ४ वरून २ ला १. शिवाय १ वरून थेट २ ला १० किलोमीटरचा रस्ता आहे. उत्तर उघड आहे: १, ३, ४, २ असं गेलं की ६.

`i`, `j`, `k` या क्रमात १ ते २ या जोडीचा हिशेब अगदी सुरुवातीला लागतो. ३ वरून जावं, तर ३ ते २ हे अंतर अजून अनंत. ४ वरून जावं, तर १ ते ४ अनंत. म्हणून १० तसेच राहतात. पुढे १ ते ४ चे ५ निघतात, ३ ते २ चे ४ निघतात, दोन्ही अगदी बरोबर. पण १ ते २ कडे प्रोग्रॅम पुन्हा वळत नाही.

आता `k` बाहेर ठेवून बघा. १ आणि २ च्या फेरीत काहीच बदलत नाही. ३ च्या फेरीत १ ते ४ चे ५ होतात. ४ च्या फेरीत १ ते २ साठी ५ अधिक १, म्हणजे ६, आणि १० खोडले जातात.

फरक पडतो तो `k` च्या अर्थामुळे. `i` आणि `j` फक्त तक्त्यातला चौकोन सांगतात. `k` सांगतो की आतापर्यंत वाटेत कोणत्या ठिकाणांवरून जायची मुभा आहे. `k` वी फेरी संपली, की १ ते `k` एवढीच ठिकाणं मध्ये घेऊन मिळणारं सर्वोत्तम अंतर प्रत्येक जोडीसाठी तयार असतं. पुढच्या फेरीत नवीन ठिकाण वापरणारी वाट त्या ठिकाणी दोन तुकड्यांत मोडते, आणि ते दोन्ही तुकडे जुन्या मुभेतले, म्हणजे आधीच सोडवलेले असतात. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ते हेच. एका जोडीचं काम आटोपून दुसरीकडे गेलं, की तुकडे तयार असण्याची ही हमीच जाते.

आतल्या `i` आणि `j` ची अदलाबदल मात्र खुशाल करावी. `k` च्या फेरीत `d[k][k]` शून्य असल्यामुळे `k` ची ओळ आणि `k` चा स्तंभ बदलत नाहीत, आणि बाकीचे चौकोन फक्त त्यांवरच अवलंबून असतात. म्हणून एकच तक्ता जागच्या जागी बदलत नेला तरी चालतो. एखाद्या चक्राची बेरीज ऋण असेल तर हा आधार सुटतो. शेवटी कर्णावर ऋण संख्या दिसली, की तिथे सर्वांत कमी अंतर अशी गोष्टच उरलेली नाही हे ओळखावं.

चुकीचा क्रम चाचणीत निसटतो, कारण चाचणीचे नकाशे आपण १, २, ३, ४ अशा ओळीने जोडतो. १ ते ४ चा हिशेब येईपर्यंत १ ते ३ निघालेलं असतं आणि उत्तर बरोबर येतं. तेव्हा चाचणीत क्रमांक विस्कटून द्यावेत. दुसरा उपाय म्हणजे तयार तक्त्यावरून तेच तीन लूप पुन्हा फिरवणे: ऋण चक्र नसताना एकही आकडा कमी झाला, तर पहिलं उत्तर चूक होतं. वरच्या उदाहरणात दुसऱ्यांदा २ अधिक ४ होऊन १० चे ६ होतातच.

असं किती वेळा फिरवावं लागेल, याचंही उत्तर आहे. ऋण चक्र नसेल तर `i`, `j`, `k` हा क्रम तीनदा चालवला की कोणत्याही नकाशावर बरोबर उत्तर मिळतं, हे इकुमी हिदे, सोह कुमाबे आणि ताकानोरी माएहारा यांनी २०१९ साली सिद्ध केलं. `i`, `k`, `j` असेल तर दोनदा पुरतं. `k` बाहेर असेल तर एकदाच.