नोटीस, पगार आणि अडकलेलं पत्र

खडकवासल्याकडे जाणाऱ्या सिंहगड रस्त्यावर कामगार कायद्याचा सल्ला मागायला जी माणसं येतात, त्यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. एक नऱ्हे-धायरीच्या वर्कशॉपमधला सीएनसी ऑपरेटर. महिन्याच्या मध्यावर तो दुसरीकडे लागतो आणि जुना मालक म्हणतो, ‘बदली माणूस दे, मग पगार ने.’ दुसरा नांदेड सिटीत राहून हिंजवडीला जाणारा आयटीवाला. त्याच्या हातात एचआरची ईमेल असते: नव्वद दिवस पूर्ण करा, त्याशिवाय रिलिव्हिंग लेटर नाही, एक्सपिरियन्स लेटर नाही आणि फुल अँड फायनलही नाही. दोघांचा प्रश्न एकच असतो, असं यांना करता येतं का?

उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण प्रश्नात तीन वेगळी खाती एकत्र बांधलेली आहेत. नोटीस हे एक खातं, केलेल्या कामाचा पगार हे दुसरं आणि नोकरीचा दाखला हे तिसरं. कंपनी तिघांची गाठ मारते. वकिलाचं बरंचसं काम ती गाठ सोडवण्याचंच असतं.

आधी नोटीस. नियुक्तिपत्रात नव्वद दिवस लिहिले आणि आपण सही केली, तर तो करार आहे आणि मोडला तर भरपाईचा प्रश्न येतो. हे मी अशिलाला पहिल्या बैठकीतच सांगतो, कारण ‘नोटीस पिरियड बेकायदाच असतो’ असं कुणीतरी त्याच्या मनात भरवलेलं असतं. पण करार मोडला म्हणून कंपनी माणसाला खुर्चीला बांधून ठेवू शकत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ मागे हेच तत्त्व आहे. कंपनीला मागता येतात ते पैसे, आणि तेही संविदा कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपुरते. करारात लिहिलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. तेवढी रक्कम आपोआप देणं लागते, असा त्याचा अर्थ नाही.

इथे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवावेत. पहिला एअर इंडियातल्या एका तांत्रिक कर्मचाऱ्याचा. पाच वर्षं सेवा करण्याचं बंधन पुरं करून त्याने तीस दिवसांची नोटीस दिली आणि तो बाहेर पडला. कंपनी म्हणाली, राजीनामा मंजूरच नाही. त्याची देणी अडली आणि मुंबई उच्च न्यायालयात निकाल त्याच्या विरोधात गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क असल्याचं सांगितलं. मात्र नियमांत किंवा नियुक्तीच्या अटींत वेगळी तरतूद असेल, किंवा शिस्तभंगाची चौकशी चालू असेल, तर गोष्ट वेगळी, असा अपवादही जोडला. लोक निकालाचा पहिला भाग छापून घेऊन येतात, अपवाद वाचत नाहीत. दुसरा निकाल मे २०२५ चा, विजया बँकेचा. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे, अशी अट होती. अधिकाऱ्याने पैसे भरले, नोकरी सोडली आणि मग अटीलाच आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीवर मोठा खर्च करावा लागतो, हा मुद्दा न्यायालयाला पटला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की दिसतं, की माणसाला जायची मोकळीक असते आणि जाण्याची किंमत करारात ठरलेली असू शकते.

आता पगार. इथे कायदा नोकरदाराच्या बाजूने सगळ्यात भक्कम आहे आणि अलीकडे जास्तच भक्कम झाला आहे. जुना १९३६ चा वेतन अदायगी कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू होता. ऑपरेटरला तो उपयोगी पडायचा, आयटीतल्या इंजिनिअरला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्या वेतन देण्याच्या तरतुदींना ती पगाराची मर्यादा नाही आणि ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापकही आले. कलम १७ मध्ये राजीनाम्याचा उल्लेख स्पष्ट आहे: राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं. ‘आमच्या पॉलिसीप्रमाणे फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांत’ हे वाक्य अजून कित्येक नियुक्तिपत्रांत असतं. कंपनीची पॉलिसी कायद्याने दिलेली मुदत वाढवू शकत नाही.

मग नोटीसचे पैसे त्याच पगारातून कापता येतात का? इथे फारसं कुणी न वाचलेलं एक कलम आहे. पगारातून कोणत्या कपाती चालतात याची यादी कलम १८ मध्ये दिली आहे: गैरहजेरी, नुकसान, उचल, कर्ज, कर, भविष्य निर्वाह निधी वगैरे. ‘नोटीस पे’ हा शब्द त्या यादीत नाही. तो विषय येतो कलम २० च्या परंतुकात, आणि तेही दहा किंवा अधिक कर्मचारी संगनमताने, कराराप्रमाणे नोटीस न देता आणि सबळ कारण नसताना गैरहजर राहिले तर. अशा वेळी नोटीसच्या बदल्यात जास्तीत जास्त आठ दिवसांचं वेतन कापता येतं. हे परंतुक जुन्या कायद्यातही होतं. एकट्या माणसाच्या पगारातून साठ दिवसांची नोटीस वळती करून घेण्याचा आधार त्यामुळे पातळ आहे. कंपन्या मात्र सर्रास कापतात. कोणतीही कपात मान्य केली, तरी एका वेतन कालावधीत एकूण कपात निम्म्या वेतनापेक्षा जास्त होता कामा नये. ‘तुमचं सेटलमेंट ऋण आहे, उलट तुम्हीच आम्हाला देणं लागता’ असा तक्ता एचआरने पाठवला, की मी सगळ्यात आधी ही ओळ मांडतो.

एक हिशेब करून पाहू. नांदेड सिटीतली एक अभियंता, महिना पगार ८०,००० रुपये, त्यातलं मूळ वेतन ४०,०००, सेवा सहा वर्षं. तिने १ जून २०२६ ला राजीनामा दिला आणि ३० जूनपर्यंत काम केलं. नव्वद दिवसांतले साठ दिवस कमी पडले. नवी कंपनी जुलैत रुजू व्हा म्हणत होती. जुन्या कंपनीने जूनचा पगार थांबवला, पत्र थांबवलं आणि ग्रॅच्युइटीबद्दल मौन धरलं.

३० जून मंगळवार होता, म्हणजे जूनचा पगार २ जुलैपर्यंत द्यायला हवा होता. नियुक्तिपत्रात नोटीसची भरपाई मूळ वेतनावर लिहिली होती. एचआरने ती पूर्ण पगारावर धरून १,६०,००० मागितले, प्रत्यक्षात कमाल मागणी ८०,००० ची होते. हा फरक पत्र नीट वाचल्याशिवाय कळत नाही आणि घाबरलेला माणूस पत्र नीट वाचत नाही. (काही कंपन्या त्यावर जीएसटीही लावत असत. नोटीस पेवर कर लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.) कपात मान्य केली तरी पगारातून निम्म्याच्या वर हात घालता येत नाही. ग्रॅच्युइटीला तर हातच लावता येत नाही. ४०,००० ला २६ ने भागून १५ ने आणि ६ ने गुणलं, की सुमारे १,३८,४६२ रुपये होतात. ही रक्कम तीस दिवसांत द्यायची असते. ती जप्त करण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत: जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केलेलं नुकसान, दंगेखोर वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. अपुरी नोटीस त्यांत नाही.

भविष्य निर्वाह निधीबद्दल लोक उगाच धास्तावतात. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्या यूएएन खात्यात Mark Exit मधून स्वतः भरता येते.

तिसरं खातं पत्राचं, आणि इथे मला अशिलांची थोडी निराशा करावी लागते. एक्सपिरियन्स लेटरचा हक्क लोक समजतात तेवढा सरळ कायद्यात लिहिलेला नाही. कारखान्यातल्या कायम कामगाराला सेवेचा दाखला देण्याची तरतूद आदर्श स्थायी आदेशांत जुनी आहे. आयटीतल्या पदांना स्थायी आदेश लागू होतात की नाही, यावर मात्र वाद घालता येतो. म्हणून मी दोन पत्रं वेगळी करतो. रिलिव्हिंग लेटर म्हणजे ‘अटींप्रमाणे कार्यमुक्त केले’. नोटीस पुरी नसताना कंपनीने हे वाक्य लिहायला नकार दिला, तर तिला खोटं ठरवता येत नाही. सेवेचा दाखला म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक पदावर काम केलं, एवढी वस्तुस्थिती. ती नोटीसने बदलत नाही, आणि दाखला अडवून ठेवायला मला कुठलाही कायदेशीर आधार दिसत नाही. पैसे येणे असतील तर त्यासाठी दावा हा मार्ग आहे. माणसाच्या सहा वर्षांचा पुरावा तारण ठेवता येत नाही.

याहून वाईट म्हणजे ‘अ‍ॅब्स्काँडिंग’चा शेरा. लेखी राजीनामा देऊन, लॅपटॉप परत करून, हँडओव्हर केलेल्या माणसाला पळून गेलेला म्हणणं खोटं आहे, आणि त्यावर बदनामीचा मुद्दाही उभा राहू शकतो. म्हणून मी आग्रह धरतो, की राजीनाम्याच्या ईमेलमध्ये शेवटच्या दिवसाची तारीख हवी, यंत्रसामग्री परत केल्याची पोच हवी आणि हँडओव्हरची यादी हवी. या तीन कागदांवर अर्धं प्रकरण उभं राहतं. नव्या कंपनीला पत्राऐवजी नियुक्तिपत्र, पगारपत्रकं, यूएएनवरचा सेवेचा इतिहास आणि फॉर्म १६ दाखवता येतात. पार्श्वभूमी तपासणाऱ्या बऱ्याच संस्था ते स्वीकारतात, सगळ्या नाही.

मालकाचं दुःख खोटं नसतं. नऱ्ह्यातल्या वर्कशॉपमध्ये एकच माणूस मशीन सेट करत असेल आणि तोच अचानक गेला, तर ऑर्डर बुडते. पण त्या नुकसानाचा हिशेब मांडून दावा करायला फारच कमी मालक धजतात, कारण नुकसान सिद्ध करावं लागतं. पगार अडवणं सोपं असतं. त्या सोपेपणाची किंमत आता वाढली आहे. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि प्राधिकारी थकलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतात.

खडकवासल्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात किंवा एनडीएत नागरी सरकारी सेवेत असाल, तर यातलं बरंच तुम्हाला लागू नाही. तिथे राजीनामा मंजूर होईपर्यंत अमलात येत नाही आणि तो दिल्याने निवृत्तिवेतनासाठीची मागची सेवाही जाऊ शकते. दुसऱ्या सरकारी खात्यात जायचं असेल, तर अर्ज रीतसर मार्गाने करून ‘तांत्रिक राजीनामा’ द्यावा लागतो. त्याच आवारात कंत्राटदाराकडे असलेल्या माणसाला मात्र वेतन संहिता लागू होते.

त्या अभियंत्याचं प्रकरण वाकडेवाडीच्या कामगार कार्यालयापर्यंत गेलं नाही. आम्ही कलमांसह पत्र पाठवलं, सोबत हिशेबाचा तक्ता जोडला आणि दाखल्याचा मसुदाही आम्हीच लिहून दिला: पद, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस आणि एक वाक्य, ‘नोटीस कालावधीपैकी ३० दिवस काम केले.’ कंपनीच्या वकिलाने ते वाक्य तसंच ठेवलं. जूनच्या पगारातून ४०,००० कापले, ते तिने हरकत नोंदवून घेतले. ग्रॅच्युइटी पूर्ण आली. उरलेल्या ४०,००० साठी कंपनीने दावा करण्याचा हक्क राखून ठेवल्याचं कळवलं. तो दावा अजून आलेला नाही.