आजीचा जार्विस

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजी एकटीच राहते. डोळ्यांना कमी दिसतं, त्यामुळे रात्री बत्तीचं बटण चाचपडत शोधावं लागतं. मोबाईलची रेंज ओट्यावरच, घरात नाही. म्हणून इंटरनेटशिवाय, बोलून चालणारं यंत्र करायचं ठरवलं. रास्पबेरी पाय, यूएसबी माईक (पायला स्वतःचा माईक नसतो) आणि रिले, एवढंच सामान. रिलेनंतरचं २३० व्होल्टचं वायरिंग मात्र वायरमनकाकांनीच केलं.

या यंत्राला दोन दरवाजे असतात. पहिला हाकेचा. ओपन-वेक-वर्ड हा प्रोग्राम दर ८० मिलिसेकंदांनी ० ते १ मध्ये गुण देतो आणि ०.५ च्या वर गेला की यंत्र जागं होतं. त्याची तयार हाक ‘हे जार्विस’. ती शिकवली आहे इंग्रजी आवाजावर आणि आमची आजी म्हणते ‘ए जारविस’! गुण ०.५ पर्यंत पोचेनात. मर्यादा ०.३ केली तर आजीचं ऐकू लागलं, पण टीव्हीवरच्या गप्पांनीही ते जागं होऊ लागलं. तरीही ०.३ च ठेवलं, कारण दुसरा दरवाजा कडक आहे.

तिथे वोस्क बसतो. त्याचं छोटं हिंदी मॉडेल पायवर आरामात चालतं. त्याला अख्खी भाषा ओळखायला न सांगता मोजकीच वाक्यं द्यायची:

```python
words = '["बत्ती चालू", "बत्ती बंद", "पंखा चालू", "पंखा बंद", "[unk]"]'
rec = KaldiRecognizer(model, 16000, words)
```

मॉडेलच्या कोशात नसलेला शब्द दिला, तर स्क्रीनवर `Ignoring word missing in vocabulary` येतं आणि तो शब्द गळतो. म्हणून मराठी-हिंदी दोन्हींत चालणारे शब्द घेतले.

खरी गंमत शेवटच्या `[unk]` मध्ये आहे. याचा अर्थ ‘यातलं काहीच नाही’. दौंडला आमचं घर रेल्वेलाइनजवळ आहे. तिथे चाचणीसाठी `[unk]` मुद्दाम काढलं, तर मालगाडीच्या भोंग्यानेही पंखा बंद झाला! कारण ऐकलेला आवाज उरलेल्या चार वाक्यांतल्या शब्दांवरच बसवण्याकडे त्याचा कल असतो. `[unk]` परत घातल्यावर भोंगा त्यात गेला. चारपैकी एक वाक्य जसंच्या तसं आलं तरच रिले हलतो, नाहीतर यंत्र पुन्हा झोपतं.

म्हणून चुकून जागं झालेलं यंत्र सहसा काही करत नाही. हाक ऐकलीच नाही, तर मात्र आजी अंधारात राहते. पहिला दरवाजा सैल ठेवला तो यासाठी.

उणिवा आहेतच. पंखा जोरात असला की माईकला त्याचीच घरघर ऐकू येते, म्हणून माईक आजीच्या उशाशी ठेवलाय. वीज गेली की सगळंच बंद. जुनं बटण आम्ही काढलेलं नाही.

आजीला विचारलं, ‘‘कसं वाटतं गं?’’ म्हणाली, ‘‘बरंय बाळा, पण मेला ‘ओ’ देत नाही!’’ आता हाक ऐकली की तो ‘टिंग’ करतो.