गप्प झालेले डबे

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या द्राक्षबागांत आमची सुमारे चारशे उपकरणं उभी आहेत. शेतकरी त्यांना 'डबा' म्हणतात, त्यामुळे ऑफिसातही तोच शब्द रुळला. खांबावर सोलर पॅनल, डब्यात बॅटरी, ईएसपी३२ चिप आणि सिमकार्डाचा मोडेम. बाहेर तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणारे सेन्सर. डबा दर तासाला जागा होतो, नोंद पाठवतो आणि झोपतो. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी येणार का, याचा अंदाज पान ओलं राहिल्याच्या तासांवरून बांधतात. म्हणून छाटणीचा हंगाम लागायच्या आत नवं फर्मवेअर सगळ्या डब्यांत पोचवायचं होतं, आणि कोणता डबा कुठवर आला हे पाहणं माझ्याकडे होतं.

सुरुवात करण्याआधी मी एक यादी काढून ठेवली: आजच्या घडीला कोणते डबे आधीपासूनच बंद आहेत? ४०० पैकी २३ निघाले. कुठे पॅनलवर वेल चढलेला, कुठे सिमचं रिचार्ज संपलेलं. ही यादी आधी केली नाही, तर हे २३ नंतर नव्या फर्मवेअरच्या खात्यावर पडतात किंवा नव्याने बंद पडलेले त्यांच्या गर्दीत लपतात. ते बाजूला काढले आणि हिशेब ३७७ वर सुरू केला.

दुसरा प्रश्न होता, डबा गप्प झाला असं कधी म्हणायचं? जोडणी तुटली की उपकरण बंद, हा नेहमीचा नियम इथे चालत नाही, कारण हे डबे दर तासाला आपणहूनच जोडणी तोडून झोपतात. शिवाय बॅटरी उतरली की डबा तीन तासांनी एकदाच बोलतो. सगळ्यांना एकच मर्यादा लावली, तर ढगाळ दिवशी निम्मी यादी लाल होईल. म्हणून प्रत्येक डब्याचं गेल्या आठवड्यातलं नेहमीचं अंतर काढलं आणि त्याच्या तिप्पट वेळ गेला की तो गप्प धरला. रेंज कमी असलेल्या बागेत एखाददुसरी नोंद चुकतेच, तेवढी सूट त्यात बसते.

```sql
SELECT device_id, fw, stage, net_mode, battery_v
FROM devices
WHERE target_fw = '2.4.1'
  AND now() - last_seen > 3 * usual_gap;
```

यातला `last_seen` म्हणजे नोंद सर्व्हरवर आली ती वेळ, डब्याच्या घड्याळातली नव्हे. रेंज नसताना डबा नोंदी साठवतो आणि नंतर एकदम पाठवतो, त्यामुळे त्याच्या घड्याळावर विसंबलं तर बोलता डबाही गप्प दिसू शकतो.

पहिल्या तुकडीत २० डबे घेतले. सगळे नव्या आवृत्तीवर आले आणि बोलत राहिले. दुसऱ्या तुकडीत १०० होते. दोन दिवसांनी पडद्यावर '८४ टक्के पूर्ण' असा आकडा दिसत होता आणि बैठकीत सगळे खूश होते. पण उरलेले १६ एका जातीचे नव्हते. पाच जण जुन्या आवृत्तीवरून नियमित बोलत होते. त्यांचं डाउनलोड पूर्ण झालं नव्हतं, एवढंच. ११ मात्र गप्प होते. ज्यांना अजून हात लावला नव्हता अशा २५७ डब्यांत त्याच दोन दिवसांत तीनच गप्प झाले होते. पाऊस तोच, ढग तेच, तरी इकडे शंभरात ११ आणि तिकडे २५७ मध्ये तीन. मी पुढची तुकडी थांबवली.

गप्प डब्याला काही विचारता येत नाही. हाती असतं ते त्याचं शेवटचं बोलणं. प्रत्येक टप्प्यावर डबा एक शब्द पाठवतो: डाउनलोड सुरू, डाउनलोड पूर्ण, रीबूट करतोय, नव्या आवृत्तीवरून पहिली नोंद. ११ पैकी ११ जणांचा शेवटचा शब्द 'रीबूट करतोय' हाच होता. म्हणजे फाइल नीट पोचली होती, घोटाळा त्यानंतरचा होता.

मग ११ ओळी एकाखाली एक मांडल्या. तालुके वेगळे, सिम कंपन्या वेगळ्या, उत्पादनाची खेप वेगळी. एका डब्याची बॅटरी ३.३ व्होल्टपर्यंत उतरली होती. तो बहुधा आपल्या मरणाने गेला. बाकी दहांची बॅटरी ठणठणीत होती, आणि त्या दहांच्या शेवटच्या नोंदीत `net_mode` समोर `GSM` लिहिलं होतं. म्हणजे ते २जीवर चालत होते. उलट बाजूने तपासलं: त्या शंभरांत २जीवरचे एकूण बाराच डबे होते. दहा गप्प, आणि उरलेले दोन त्या डाउनलोड अर्धवट राहिलेल्या पाचांत. २जीचा वेग कमी म्हणूनच ते वाचले होते.

नव्या फर्मवेअरमध्ये मोडेम सुरू करतानाच्या आज्ञा पाहिल्यावर उलगडा झाला. जोडणी लवकर मिळावी म्हणून `AT+CNMP=2` च्या जागी `AT+CNMP=38` आलं होतं. आमच्या मोडेमवर २ म्हणजे मिळेल ते नेटवर्क घे, ३८ म्हणजे फक्त ४जी. जिथे ४जी पोचत नाही तिथे डबा जागा होत होता, शोधत होता, काही न मिळून झोपत होता. याच सुमारास निफाडच्या एका बागायतदारांचा फोन आला: "साहेब, डब्याचा दिवा तर लुकलुकतोय, मग मोबाइलवर आकडा का येईना?" डबा जिवंत आहे याचा तो एकमेव पुरावा होता, आणि तो माझ्या तक्त्यात कधीच दिसला नसता.

तरी एक प्रश्न उरत होता. फसलेलं फर्मवेअर आपोआप जुन्यावर परतायला हवं होतं. चिपमध्ये दोन कप्पे असतात; नवं एकात, जुनं दुसऱ्यात. नव्याने `esp_ota_mark_app_valid_cancel_rollback()` म्हणून स्वतःला पक्कं केलं नाही, तर पुढच्या रीबूटला बूटलोडर जुन्याकडे वळतो. आमच्याकडे ही ओळ सेन्सर वाचून झाल्याबरोबर चालत होती. सेन्सर ठीक होते, म्हणून डब्याने स्वतःला उत्तीर्ण करून टाकलं; सर्व्हर गाठता येतो का, हे कुणी विचारलंच नाही. त्या दहा बागांत लॅपटॉप आणि केबल घेऊन जावं लागलं.

दुरुस्त आवृत्तीत ती ओळ सर्व्हरकडून पोच मिळाल्यावरच चालते. याला किंमत आहे. पोच मिळेपर्यंत डब्याला झोपू देता येत नाही, कारण गाढ झोपेतून उठतानाही तो बूटलोडरमधूनच येतो आणि पक्कं न झालेलं फर्मवेअर फसलं असं समजलं जातं. जागं राहणं बॅटरी खातं, म्हणून अर्ध्या तासाची मुदत ठेवली. त्या वेळात टॉवरच बंद असेल, तर चांगलं फर्मवेअरही परत फिरतं. ते चालेल, परतलेला डबा निदान बोलतो आणि त्याला पुन्हा पाठवता येतं.

तक्त्यातही बदल केला. टक्केवारीचा एक आकडा काढून चार रकाने केले: नव्यावर, जुन्यावर, परतलेले, गप्प. गप्पांच्या शेजारी हात न लावलेल्या डब्यांतल्या गप्पांचं प्रमाण असतं, आणि पहिलं दुसऱ्याच्या दुपटीवर गेलं की पुढची तुकडी आपोआप थांबते. पॅनल चोरीला गेलं की फर्मवेअर अडलं, हे या तक्त्याला एका डब्यापुरतं कळत नाही. दहा डबे एकत्र पाहिले तरच कळतं.

सगळ्यात मोठा बदल पहिल्या तुकडीत झाला. ते २० डबे ऑफिसपासून जवळचे, भरपूर ४जी असलेले होते, म्हणजे जिथे काही बिघडणारच नव्हतं असे. आता पहिल्या वीसांत २जीवरचे पाच, उतरत्या बॅटरीचे पाच आणि सगळ्यात जुन्या खेपेतले पाच असतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचा आकडा कधीच देखणा दिसत नाही. दुरुस्त आवृत्तीच्या वेळी तीन डबे परतलेल्यांच्या रकान्यात गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवल्यावर नव्यावर आले, आणि गप्पांचा रकाना शून्यावर राहिला. मगच पुढचे शंभर सोडले.