शेवटचा दिवस, मग प्रोफाइल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं क्वालिटी विभागात होतो. ऑर्डरी घटल्या, जागा कमी झाल्या, त्यात माझीही गेली. मी निपाणीचा. घरी आईला सांगून झालं, आणि मग लिंक्डइनचं पान उघडून बसलो.

आधी तारीख घातली. रिलीव्हिंग लेटरवर जो महिना होता तोच नोकरीच्या शेवटाचा महिना म्हणून टाकला. नवी कंपनी चौकशी करते तेव्हा ते लेटर आणि प्रोफाइल शेजारी ठेवून बघते, आणि महिनाभराचा फरक निघाला तरी समोरच्याच्या मनात शंका येते. तारीख बदलली तरी नावाखालची ओळ आपोआप बदलत नाही, तिथं जुनं पद तसंच राहतं. ती ओळ नव्यानं लिहिली: ‘क्वालिटी इंजिनिअर, ग्रे आयर्न व एसजी आयर्न कास्टिंग, सँड टेस्टिंग, पीपीएपी, रिजेक्शन अॅनालिसिस’. तिथं २२० अक्षरं मावतात. ‘नोकरीच्या शोधात’ हे शब्द त्यात घातले नाहीत, कारण माणूस शोधणारा कामाच्या नावानं शोधतो.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो गावाचा. कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, “मर्दा, आमची एचआर कोल्हापूर टाकून माणसं शोधते. तू दिसणार कसा?” निपाणीहून कागल अर्ध्या तासाची वाट, पण मधे राज्याची हद्द आहे आणि प्रोफाइलवर कर्नाटक. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, सगळा कास्टिंगचा पट्टा आमच्या दारात असूनही त्या यादीत मी नव्हतोच. ‘Open to Work’मध्ये कामाची ठिकाणं एकाहून जास्त देता येतात. तिथं बेळगावसोबत कोल्हापूर घातलं, आणि पोस्टमध्येही लिहिलं की निपाणीहून रोज ये-जा करू शकतो.

त्याच ठिकाणी दोन पर्याय विचारतात: फक्त रिक्रूटरना दिसू दे, की सगळ्यांना. पहिला पर्याय निवडला की फोटोभोवती हिरवी कड येत नाही, म्हणून तो अब्रूचा वाटतो. पण तो दिसतो लिंक्डइनचं पैसे भरून घेतलेलं रिक्रूटर खातं वापरणाऱ्यांना. आमच्याकडच्या पन्नास-शंभर माणसांच्या फाउंड्रीचा मालक असलं खातं कशाला घेईल? तो रात्री जेवल्यावर साधं अॅप उघडतो. माझं गिऱ्हाईक तोच होता, म्हणून मी सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. जो अजून नोकरीत आहे आणि गुपचूप शोधतोय, त्यानं मात्र पहिलाच पर्याय घ्यावा. तोही पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही.

पोस्ट इंग्रजीत लिहिली. मजकूर साधारण असा होता:

‘ऑर्डर कमी झाल्यामुळे आमच्या विभागातल्या काही जागा कमी झाल्या, त्यात माझी होती. नऊ वर्षं ग्रे व एसजी आयर्न कास्टिंगची क्वालिटी पाहिली. शेवटचं मोठं काम: एका बॉडी कास्टिंगमधलं ब्लोहोलचं रिजेक्शन सहा टक्क्यांवरून साडेतीनवर आणलं. बेळगाव किंवा कोल्हापूर भागात क्वालिटी वा प्रोसेसचं काम हवं आहे. निपाणीहून रोज ये-जा करू शकतो. लगेच रुजू होऊ शकतो.’

सहा आणि साडेतीन हे आकडे टाकण्याआधी आमच्या जुन्या साहेबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर सोडून लिही.” तसंच केलं. आकडे असण्याचा अर्थ त्या धंद्यातल्या माणसाला कळतो, तो लगेच विचारतो की हे केलंस कसं. ‘कठीण काळ’, ‘कृपया मदत करा’ अशी वाक्यं मी ठेवली नाहीत. त्यांवर सहानुभूती भरपूर येते, पण वाचणाऱ्याला कुठली जागा सुचवायची ते कळत नाही. जुन्या कंपनीबद्दल कडवट ओळही नको होती. आपल्या पट्ट्यात पॅटर्न शॉपपासून मशिन शॉपपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. पोस्ट तिथंही वाचली जाणार, आणि उद्या माझ्याबद्दल विचारायला फोनही तिथंच जाणार.

मोबाइलवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणून जागा का गेली आणि काम काय केलं, हे सगळ्यात वर ठेवलं. नोकरीच्या पोर्टलवर नोटीस पिरियडही बदलून ‘१५ दिवस किंवा कमी’ केला. तिथं तीन महिने तसेच राहिले असते तर गाळणी लावणाऱ्याला मी दिसलोच नसतो.

गोकुळ शिरगावहून एका फाउंड्रीवाल्यांचा फोन आला. नोकरी का गेली ते त्यांनी एका वाक्यात ऐकून घेतलं. मग विचारलं, “ब्लोहोल कमी कसे केलेत?” मी सांगितलं, दर शिफ्टला वाळूतला ओलावा मोजायला लावला, साडेतीन टक्क्यांवर गेला की मिक्सर थांबवायचा. त्यांनी विचारलं, “आणि व्हेंट?” त्यानंतरचं सगळं बोलणं साच्यांवरच झालं. सोमवारी येऊन मोल्डिंग लाइन बघून जा, असं म्हणाले.