फाट्यापासून पुढं

सात-बाऱ्यावर जमिनीला गट नंबर असतो, पण बोलताना कुणी नंबर सांगत नाही. बोरीची पट्टी, खालचा मळा, देवाचा माळ, पाझर तलावाकडचं खडकाळ अशीच नावं चालतात. वस्त्यांचंही तसंच. आमच्या भावकीच्या वस्तीला गावात वरली वस्ती म्हणतात, शेजारच्या गावात ओढ्याकडची म्हणतात आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात ती शिंदे वस्ती आहे. गावच्या माणसाला तिन्ही नावं कळतात. मोबाइलातल्या नकाशाला त्यातलं तिसरं तेवढं कळतं, आणि तेही भलत्याच तालुक्यातली शिंदे वस्ती दाखवून. कारण शिंदे वस्त्या काय, सोलापूर जिल्ह्यात पायलीला पन्नास मिळतील.

धाकट्या सुनेनं माझ्या मोबाइलातला नकाशा मराठी करून दिला. त्यात दोन कामं निरनिराळी असतात. अक्षरं मराठी करणं हे एक, आणि बोलणं मराठी करणं हे दुसरं. नकाशा उघडला की वर उजव्या कोपऱ्यात आपला गोल फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर दिसतं. त्यावर बोट ठेवायचं, सेटिंगमध्ये जायचं आणि App language शोधून तिथं मराठी निवडायचं. आवाजासाठी पुन्हा सेटिंगमध्येच नेव्हिगेशनच्या भागात जायचं आणि आवाजाच्या यादीतून मराठी घ्यायचं. एवढं करूनही बाई इंग्रजीच बोलली, तर मोबाइलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये Text-to-speech म्हणून असतं, तिथं मराठी आवाज उतरवून घ्यावा लागतो. आमच्याकडं तसंच झालं होतं. आता मोटारसायकलवर मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवला तरी "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा" एवढं कानावर येतं. चष्मा काढा, स्क्रीन बघा, ही कटकट मिटली.

अक्षरं मराठी झाली म्हणून नावं मराठी झाली असं मात्र नाही. बरीचशी नावं कुणीतरी आधी इंग्रजीत भरलेली असतात आणि यंत्र ती मराठीत उतरवतं. इंग्रजीत ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, ड आणि द एकच. Mala लिहिलं तर तो मळा, माळा की माला, हे यंत्रानं कसं ठरवावं? म्हणून काळेवाडीची कालेवाडी होते. आपण मराठीत शुद्ध लिहून शोधलं आणि सापडलं नाही, तर तेच इंग्रजी अक्षरांत लिहून बघायचं. तरी नाही सापडलं, तर जवळची शाळा, देऊळ किंवा दूध डेअरी शोधायची. बऱ्याचदा वस्ती नसते पण शाळा असते.

पण आपण दुसरीकडं जाताना चुकणं वेगळं आणि दुसऱ्यानं आपल्याकडं येताना चुकणं वेगळं. आषाढात आमची गाय अडली. वासराचा पुढचा एक पाय मागं दुमडलेला, रात्रीचे साडेनऊ, वर पाऊस. तालुक्याला नवीन आलेले जनावरांचे डॉक्टर मूळचे यवतमाळकडचे, त्यांना इकडची वाट ठाऊक नाही. पुतण्यानं घराचं लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते बरोबर घराचंच होतं. अर्ध्या तासानं गाडीचे दिवे दिसले, पण ओढ्याच्या पलीकडं. मधे ओढा दोन्ही थड्या धरून चाललेला. पुतण्या बॅटरी हलवून ओरडला, तेव्हा डॉक्टर मागं फिरले आणि पुलावरून अकरा किलोमीटरचा वळसा घालून आले. गाय वाचली. वासरू गेलं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं तोच रस्ता मोबाइलवर काढून दाखवला. निळी जाड रेघ पलीकडच्या डांबरीवर थांबत होती आणि तिथून आमच्या घरापर्यंत नुसते ठिपके होते. त्या ठिपक्यांचा अर्थ असा, की इथून पुढं गाडीचा रस्ता मला माहीत नाही, चालत जा. आमची पाणंद नकाशात काढलेलीच नाही. मग नकाशा घराला सगळ्यात जवळची, त्याला ठाऊक असलेली सडक धरतो. सरळ मोजलं तर पलीकडची डांबरी जवळ. मधे ओढा आहे, त्याला पाणी आहे, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

तेव्हापासून आम्ही घराची खूण पाठवत नाही, फाट्याची पाठवतो. जिथं आमची पाणंद गावच्या डांबरीला मिळते, तिथं जाऊन उभं राहायचं. नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की लाल टाचणी उभी राहते आणि खाली पत्ता येतो. त्यात असा एक कोड असतो:

```
5J7H+QV बार्शी
```

याला प्लस कोड म्हणतात. पृथ्वीवरच्या अक्षांश-रेखांशावरून तो निघतो, म्हणून त्या जागेला नाव असो नसो, कोड असतोच. साधारण चौदा मीटर लांब-रुंद चौकोनाला एक कोड. पुढं गावाचं नाव मात्र टाकायचं, कारण आखूड कोड तेवढाच दुसऱ्या मुलखातही निघू शकतो. मोबाइल नसलेल्या म्हाताऱ्यालाही तो कागदावरून फोनवर वाचून दाखवता येतो.

कुणाला देण्याआधी एक बघून घ्यायचं. तालुक्यापासून त्या टाचणीपर्यंत रस्ता काढायचा. निळी रेघ अखेरपर्यंत गेली पाहिजे, ठिपके दिसता कामा नयेत. फाट्यापासून पुढचं तोंडानं सांगायचं. आम्ही सांगतो, "डेअरीच्या पत्र्याच्या शेडपासून डावीकडं पाणंद धरा, दुसऱ्या डीपीला उजवीकडं, पांढऱ्या टाकीखाली घर." खुणा अंधारात दिसणाऱ्याच हव्यात. मोडक्या बाभळीपाशी वळा म्हटलं तर रात्री बाभूळ कुणाला दिसणार?

नाव नकाशावर कायमचं चढवायची सोयही आहे. खाली Contribute मध्ये जाऊन जागा भरायची, रस्ताही सुचवता येतो. लगेच दिसेल असं नाही, ते तपासतात. आमची वस्ती चढली, पाणंद अजून नाही. हे करताना गावात एक गोष्ट निघाली. खालच्या अंगाच्या वस्तीचं जुनं नाव जातीवरून पडलेलं. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये घेतला, आणि तिथल्या लोकांनी समतानगर हे नाव घेतलंय. आमच्यातला एकजण म्हणाला, "जुनंच टाका, ड्रायव्हर लोकांना तेच सांगितलं जातं." तिथली बारावीतली पोरगी म्हणाली, "काका, ते नाव बाई मोठ्यानं बोलंल. माझ्या दारात गाडी आली की सगळ्यांना ऐकू जाईल." समतानगर भरलं. तिनं स्वतःच्या हातानं भरलं.

आमच्या गोठ्याच्या दारामागं आता खडूनं फाट्याचा कोड लिहिलाय. त्याखाली पुतण्यानं एक ओळ घातलीय: पाऊस असला तर पुलावरून या.