मतलईवर निघायचं, खाऱ्यावर परतायचं

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारा तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो मतलई. हे मी इतरांसारखंच पाठ केलं होतं. पण माझं घर डिचोलीत, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत. खारा वारा तिथं पोचतो तोवर दुपार कलायला लागलेली असते आणि त्याचा जोरही गेलेला असतो. त्यामुळे या वाऱ्यांवर कुणी रोजचं वेळापत्रक लावत असेल असं मला वाटलंच नव्हतं. मार्चमध्ये पेडण्यातल्या मोरजीला, तेंबवाड्यावरच्या एका रापणकार काकांनी होडीत बसायला होकार दिला आणि वेळ सांगितली पहाटे चारची. एवढ्या लवकर कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, “वारो आपलो आसता तेन्ना.” हा ‘आपला’ वारा कुठला, हे मला तेव्हा कळलं नाही.

पहाटे शापोरा नदीच्या मुखाशी उभी राहिले तेव्हा पाठीला गार लागत होतं आणि तोंडावर काहीच नव्हतं. पाठ पूर्वेला, तोंड समुद्राकडे. म्हणजे हाच मतलई. जांभ्या दगडाचे सडे आणि माती दिवसा झपाट्याने तापतात आणि सूर्य गेला की तितक्याच झपाट्याने निवतात. समुद्राचं पाणी मात्र मोठ्या पातेल्यातल्या पाण्यासारखं, तापायला उशीर आणि निवायलाही उशीर. त्यामुळे मध्यरात्रीनंतर जमिनीवरची हवा गार आणि जड होते, समुद्रावरची तिच्या मानाने ऊबदार राहते आणि जड हवा खाली सरकत समुद्राकडे वाहू लागते. नदीचं खोरं म्हणजे तिची आयती वाट. म्हणून नदीच्या मुखाशी मतलई अधिक जाणवतो, असं काकांनी सांगितलं. तरी हा वारा हलकाच होता. माझी ओढणीसुद्धा नीट उडत नव्हती.

इतका हलका वारा कामाचा कसा, हा माझा पुढचा प्रश्न. पूर्वी शिडाच्या होड्या होत्या तेव्हा उत्तर सरळ होतं, तो होडीला बाहेर ढकलायचा. आता उलांडीच्या होडीलाही मागे इंजिन आहे, मग? काकांनी पाण्याकडे बोट केलं. बॅटरीच्या उजेडात पाणी जवळजवळ सपाट होतं. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून लांब धावावं लागतं. मतलई जमिनीवरून येतो, किनाऱ्याजवळ त्याला धावायला पाणीच मिळत नाही. दुरून आलेला लांब, संथ उसासा होडीखालून जात होता तेवढाच. अशा पाण्यात कांडाळ सोडताना ती गुंतत नाही, होडी जागेवर राहते आणि पेट्रोल कमी जळतं. वारा नुसता ढकलायला लागतो असं मी समजत होते. इथं त्याची सगळ्यात मोठी मदत म्हणजे तो पाणी उठवत नाही.

उजाडताना जाळं ओढलं. बांगडे होते, थोड्या तारल्याही. आठनंतर पाठीवरचा गारवा हळूहळू कमी होत गेला आणि मग वारा अजिबात थांबला. समुद्र काचेसारखा, अंगाला घाम. आता दिवसभर असंच शांत राहणार असं मी म्हणाले. काकांनी मात्र दोर गुंडाळायला घेतले. “वारो पडलो, बाय.”

पडलेला वारा म्हणजे दोन वाऱ्यांमधली फट. सूर्याने जमीन तापवून समुद्राच्या बरोबरीला आणली की मतलईचं कारण संपतं. जमीन आणखी तापली की तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा तिच्या जागी येते. उन्हाळ्यात हे सुरू व्हायला बहुधा साडेदहा-अकरा वाजतात. काकांनी मला काय बघायचं ते दाखवलं. किनाऱ्यावर कुणीतरी पालापाचोळा जाळत होतं, त्याचा धूर आधी समुद्राकडे झुकलेला होता, आता सरळ वर चालला होता. मग पश्चिमेला, चकचकीत पाण्याच्या पलीकडे, काळसर पट्टा दिसला. मला ती ढगाची सावली वाटली, पण आकाशात ढग नव्हता. वाऱ्याने खरखरीत झालेलं ते पाणी होतं, आणि पट्टा आमच्याकडे सरकत होता.

शिडाच्या काळात लोक याच पट्ट्याची वाट पाहत आणि त्याच्यावर घरी येत. इंजिनवाल्याला त्याच्या आधी मुखात शिरायचं असतं, कारण मुखाशी वाळू साचून उथळ झालेलं आहे आणि तिथं वाऱ्याबरोबर भरती-ओहोटीही मोजावी लागते. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. हा आकडा मुंबईकडचा. भरती दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून गोव्यात तो साधारण तासभर आधी धरायचा. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, तासभर वजा करून पावणेनऊ. म्हणजे पावणेनऊनंतर ओहोटी, ती तीनच्या सुमारापर्यंत, आणि तिचा सगळ्यात जोराचा काळ साधारण अकरा ते एक. नेमका तेव्हाच खारा वारा जोर धरतो. नदीचं पाणी बाहेर धावतंय, वारा लाटा आत लोटतोय. समोरून येणाऱ्या प्रवाहात लाट आखूड होते, उभी राहते आणि उथळावर फुटते. अशा लाटेत मागून सापडलेली लहान होडी आडवी होते. चतुर्थीला हाच हिशोब उलट लागतो. चाराची पाऊणपट तीन, तासभर आधी दोन. पहाटे निघताना ओहोटी आणि मतलई दोन्ही बाहेर नेतात, आठनंतर भरती लागते आणि परतताना वारा-पाणी दोन्ही आत आणतात. चतुर्थीला बारा वाजले तरी चालेल. त्रयोदशीला दहाच्या आत.

आम्ही दहाच्या आत मुखात होतो. बारानंतर मी पुन्हा तेंबवाड्यावर आले तेव्हा त्याच जागी पांढऱ्या लाटा एकामागून एक फुटत होत्या आणि माड वाकले होते. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्यासमोरच्या लाटांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला आहे. दुरून येणाऱ्या लांब लाटांवर खाऱ्या वाऱ्याच्या आखूड लाटा दिवसा चढतात आणि वारा ओसरला की उतरतात, हे त्यात मोजलेलं आहे. काका ते धूर पाहून सांगतात.

हे चक्र बारमाही नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा मोसमी वारा सगळं झाकून टाकतो. इतर महिन्यांतही आभाळ भरलेलं असेल तर जमीन तापत नाही आणि खारा वारा मरगळतो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असला तर हिशोबच मोडतो. मोसम सरलेला असूनही पहाटे मतलई आलाच नाही, तर काका होडी पाण्यात घालत नाहीत. मतलईवर बाहेर गेलेल्या होडीचं इंजिन बंद पडलं तर ती आणखी बाहेर वाहते, आणि तिला परत आणणारा खारा वारा ठरल्या वेळी येईल हा भरवसा फक्त नेहमीच्या दिवसाचा असतो.

मोरजी-आश्व्याला उन्हाळ्यात फिरायला गेलात आणि भरदुपारी कुणी लहान होडीतून मुखाबाहेर नेतो म्हणालं, तर आधी तिथी विचारा, पाऊणपट करा आणि तासभर वजा करा. ओहोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी पहाटे जा.