एसटीतून मोजलेला वेग

बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी दोन वर्षं होतो. तिथे आम्ही डाळिंबाच्या खोक्यांवर लावायचे स्टिकर कापणारं मशीन बनवत होतो. रोलवरची पट्टी एक रबरी रोलर पुढे ओढणार, ठरलेल्या लांबीवर थांबणार, वरून पातं खाली येणार. एवढंच काम. मोटर, एन्कोडर, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि माझा प्रोग्रॅम.

लांबी बरोबर येत होती. त्रास आवाजाचा होता. पातं पडायच्या आधी पट्टी हळू सरकायची, तेव्हा मोटर डासासारखी बारीक गुणगुणायची. थांबल्यावरही मधूनच कुरकुरायची. अर्धा तास चालवली की हात लावू नये इतकी तापायची.

मी दोष दिला तो वायरिंगला. वायरिंग तात्यांनी केलं होतं. तात्या साठीला आलेले, साखर कारखान्यांच्या गाळप हंगामांत आयुष्य काढलेले वायरमन. "तात्या, एन्कोडरच्या केबलमध्ये नॉइज येतोय, शिल्डिंग नीट झालेलं नाहीये," असं मी मालकांसमोरच म्हणालो. तात्या काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी केबल काढली, नवी शिल्डेड केबल मोटरच्या वायरींपासून लांबून नेली आणि शिल्डचं टोक अर्थला जोडून दिलं. मशीन चालू केलं. आवाज तसाच.

मग मला वाटलं, कंट्रोल लूप हळू चालतोय. सेकंदाला हजार वेळा चालणारा लूप मी दोन हजार वेळा चालवला. जास्त वेळा बघितलं की जास्त नीट कळणार, हा माझा हिशोब. गुणगुण दुप्पट झाली.

त्या शनिवारी मी इंदापूरला घरी निघालो. उसाचा हंगाम होता. भवानीनगरच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ताभर, आणि एसटी त्यांच्या मागे एका लयीत चाललेली. मोबाइलची बॅटरी संपली होती, म्हणून मी खिडकीतून किलोमीटरचे दगड मोजत बसलो. दर मिनिटाला घड्याळात बघायचं आणि त्या मिनिटात किती दगड गेले ते आठवायचं. एक दगड, एक दगड, एक दगड, मग एकही नाही. पुन्हा एक, एक, एक, शून्य.

सणसर मागे पडलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिनिटाला एक दगड म्हणजे ताशी साठ किलोमीटर. शून्य दगड म्हणजे गाडी उभी. माझ्या मोजणीनुसार एसटी साठ, साठ, साठ आणि मग अचानक शून्य अशी चालली होती. प्रत्यक्षात ती निवांत पंचेचाळीसने चालली होती. मग दर दोन मिनिटांनी मोजलं. एक दगड, दोन दगड, एक, दोन. म्हणजे तीस, साठ, तीस, साठ. अजूनही खोटंच, पण उड्या निम्म्या झाल्या. जितक्या घाईने बघावं तितका आकडा जास्त खोटा.

माझा प्रोग्रॅम नेमकं हेच करत होता. एन्कोडर म्हणजे फिरणाऱ्या चकतीवर कोरलेले किलोमीटरचे दगड. आमच्या चकतीवर ५०० रेघा होत्या. एन्कोडर दोन सिग्नल देतो आणि दोन्हींच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की एका फेरीत चौपट, म्हणजे २००० पायऱ्या मिळतात. रोलरचा घेर २०० मिलिमीटर. म्हणजे एक पायरी ०.१ मिलिमीटरची. स्टिकर कापायला एवढी अचूकता भरपूर झाली, आणि म्हणूनच एन्कोडरवर कुणाला शंका आली नाही. जागा मोजायला तो उत्तम होता. पण वेग तो मोजतच नव्हता. वेग मी काढत होतो, दोन जागांची वजाबाकी करून.

पट्टी हळू सरकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला १५० मिलिमीटर. म्हणजे दर मिलिसेकंदाला दीड पायरी. अर्धी पायरी एन्कोडरला दिसत नाही, म्हणून तो एकदा १ सांगतो, एकदा २. एका मिलिसेकंदात ०.१ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर. त्यामुळे प्रोग्रॅमला वेग दिसतो १००, २००, १००, २००. खरा १५० कधीच दिसत नाही. मी लूप दुप्पट वेगवान केला तेव्हा प्रत्येक वेळी पाऊण पायरी व्हायची. आकडे झाले २००, २००, २००, ०. चालत्या रोलरला प्रोग्रॅम दर चौथ्या वेळी उभा समजत होता.

नुसतं स्क्रीनवर दाखवायचं असतं तर बिघडलं नसतं. पण हा आकडा डेरिव्हेटिव्हकडे जात होता. पीडी कंट्रोलमध्ये पी म्हणतो, 'अजून इतकं अंतर बाकी आहे, ओढ.' डी म्हणतो, 'फार जोरात चाललायस, आवर.' माझ्या सेटिंगमध्ये वेग सेकंदाला एक मिलिमीटरने बदलला की डी मोटरच्या ताकदीत ०.२ टक्के फरक करायचा. वेगाचा आकडा खोटाच १०० ने उडाला की मोटरला २० टक्क्यांचा धक्का. वेगवान लूपमध्ये २०० ची उडी, ४० टक्क्यांचा धक्का. १, २, १, २ हा फेरा दर दोन मिलिसेकंदांनी पुरा होतो, म्हणजे सेकंदाला ५०० वेळा. तीच ती डासाची गुणगुण. रोलर एवढ्या झटपट हलू शकत नाही, म्हणून लांबी बिघडत नव्हती. धक्क्यांची ऊर्जा मोटरच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन जात होती.

सोमवारी येऊन आधी डी शून्य केला. गुणगुण बंद. मग वेगाचे आकडे स्क्रीनवर छापले. ०, १००, २००. मधला १३७ किंवा १६२ एकदाही नाही. मग रोलरवर खडूने खूण केली आणि हाताने बरोबर एक फेरी फिरवली. मोजणी बरोबर २००० ने वाढली. दहा फेऱ्यांनी २०,०००. केबलमध्ये नॉइज असता तर खोट्या पायऱ्या मोजल्या गेल्या असत्या आणि खूण जागेवर येऊनही आकडा जुळला नसता. ही तपासणी दहा मिनिटांची होती. तात्यांना केबल काढायला लावण्याआधी मी ती करू शकलो असतो.

उपाय मात्र लगेच सापडला नाही. पहिला विचार सरासरीचा. दहा मिलिसेकंदांतल्या पायऱ्या एकत्र मोजल्या की उडी १०० वरून १० वर येते. केलं. आवाज गेला, पण रोलर ठरलेल्या जागेच्या पुढे जाऊन मागे यायला लागला. कारण दहा मिलिसेकंदांची सरासरी म्हणजे पाच मिलिसेकंदांपूर्वीचा वेग. आमचा लूप साधारण सेकंदाला वीस हेलकाव्यांच्या आसपास आवर घालायचा. एक हेलकावा पन्नास मिलिसेकंदांचा, त्यातले पाच म्हणजे दहावा हिस्सा, ३६ अंशांचा उशीर. डी असतो तो वेळेआधी आवरण्यासाठी. तोच उशिरा आला तर झोका चुकीच्या क्षणी ढकलल्यासारखं होतं. फिल्टर कुठलाही लावा, गुळगुळीतपणाची किंमत उशिरातच मोजावी लागते.

खरा उपायही एसटीतच होता. मिनिटांत दगड मोजण्याऐवजी दोन दगडांमधला वेळ मोजायचा. एका दगडापासून पुढच्यापर्यंत ८० सेकंद, म्हणजे ताशी पंचेचाळीस. एका दगडात उत्तर.

```
v = 0.1 * n / t
```

आधीच्या प्रोग्रॅममध्येही हेच सूत्र होतं. n म्हणजे पायऱ्या, t म्हणजे सेकंद. फरक एवढाच की आधी t ठरलेला होता, ०.००१. आता t म्हणजे पहिल्या कडेपासून शेवटच्या कडेपर्यंत खरोखर गेलेला वेळ, बोर्डावरच्या टायमरने एक मायक्रोसेकंदाच्या अचूकतेने मोजलेला. १५० च्या वेगाला दोन कडांमध्ये ६६७ मायक्रोसेकंद जातात. त्यात एक मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला तर चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वेग वाढला की कडा इतक्या दाट येतात की एकेका कडेचा वेळ पुरेसा अचूक राहत नाही. तिथे अनेक पायऱ्यांचा मिळून वेळ घ्यायचा. मोजणी आणि वेळ असं दोन्ही वापरण्याची ही पद्धत १९८२ साली जपानी अभियंत्यांनी मोटरच्या वेगनियंत्रणासाठी मांडली होती. मला ती लासुर्ण्याच्या अलीकडे सुचली, म्हणजे फार उशीर झाला नव्हता.

तरी तीन खड्डे लागलेच. पहिला, एन्कोडरच्या चारही कडा सारख्या अंतरावर नसतात, जसे रस्त्यावरचे काही दगड सरकलेले असतात. म्हणून एका कडेपासून तशाच पुढच्या कडेपर्यंत, चार पायऱ्यांचा वेळ घेतला. या वेगाला तो २.७ मिलिसेकंद भरतो, म्हणजे उशीर पाचऐवजी दीडच्या आसपास. दुसरा, रोलर थांबला की पुढची कड येतच नाही आणि प्रोग्रॅम जुना वेग धरून बसतो. गाडी निमगाव केतकीला थांबली आणि शेवटचा दगड जाऊन चार मिनिटं झाली, तर एवढं नक्की म्हणता येतं की या चार मिनिटांतला सरासरी वेग ताशी पंधराच्या वर नाही. तशीच मर्यादा घातली. कड येत नाही तोवर वेग खाली खाली आणायचा आणि ५० मिलिसेकंदांनी शून्य धरायचा. तिसरा सगळ्यात फसवा. रोलर नेमका कडेवर थांबून थरथरला की पुढे एक, मागे एक अशा कडा पटापट येतात, वेळ अगदी कमी आणि वेग भलताच मोठा दिसतो. दगडापाशीच ड्रायव्हरने गाडी पुढे-मागे करावी तसं. दिशा बदलली की तो वेग शून्य मानायचा, एवढ्याने ते थांबलं.

मालक म्हणत होते, सरळ २५०० रेघांचा एन्कोडर लावू. त्याने उडी १०० वरून २० वर आली असती आणि पैसे गेले असते. गरज उरली नाही. आता स्क्रीनवर १४८, १५१, १५० असे आकडे यायला लागले. मोटर हाताला कोमट लागत होती.

तात्या बाजूला उभे होते. मी म्हणालो, "तात्या, केबल पहिलीही चांगलीच होती. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं माझं."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी केबल काढायच्या आधी खूण करून रोलर फिरवून बघितला होता. आकडा जुळला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?" तात्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.